शंकरपाळी दिसली म्हणजे फ्लोचार्ट नव्हे

"स्क्रीनशॉटमधली आकृती ओळखायची सोपी ट्रिक: डायमंड दिसला की फ्लोचार्ट. चौकटीला तीन कप्पे असले की क्लास डायग्राम. तुटक रेषा दिसली तरी क्लास डायग्रामच. बाण नसून नुसते आकडे असतील तर ईआर. आतला मजकूर वाचत बसू नका, आकार बघा आणि टिक करा."

परीक्षेच्या तोंडावर सांगलीतल्या डिप्लोमाच्या मुलांच्या फोनवर हा संदेश फिरतोय. विश्रामबागेत माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीचा प्रोजेक्ट हळदीच्या सौद्यांचा आहे: शेतकऱ्याचा माल, त्याचे लॉट, लॉटवर लागलेल्या बोली. तिनं मायएसक्यूएल वर्कबेंचमधल्या आकृतीचा स्क्रीनशॉट रिपोर्टात लावला आणि खाली लिहिलं, 'फ्लोचार्ट'. विचारलं तर म्हणाली, "सर, डायमंड आहेत की त्यात!" डायमंड होतेच. म्हणून आधी त्याचंच बघू.

शंकरपाळीचा हा आकार तिन्ही आकृत्यांत येतो. तो कुठं बसलाय यावरून त्याचा अर्थ ठरतो. फ्लोचार्टमध्ये तो बाणांच्या वाटेत येतो, चांगला मोठा असतो आणि त्याच्या पोटात प्रश्न असतो. एक बाण आत येतो, निदान दोन बाहेर पडतात आणि त्यांच्यावर 'हो', 'नाही' लिहिलेलं असतं. पीटर चेन यांनी १९७६ साली मांडलेल्या ईआर पद्धतीतही मोठा डायमंड असतो, पण त्यात प्रश्न नसतो, नातं असतं: 'विकतो', 'लावतो'. त्याला जोडणाऱ्या रेषांना सहसा बाण नसतात, शेजारी 1, N, M असतात आणि आसपास रकान्यांची नावं लिहिलेले लंबगोल लटकलेले दिसतात. क्लास डायग्राममधला डायमंड अगदी लहान, आत काही न लिहिलेला आणि रेषेच्या टोकाला चौकटीला चिकटलेला असतो. पोकळ असेल तर ॲग्रिगेशन, भरीव असेल तर कंपोझिशन. तो नेहमी 'पूर्ण' वस्तूच्या बाजूला असतो, भागाच्या नाही.

त्या मुलीच्या चित्रातले डायमंड या तिन्हींपैकी कुठलेच नव्हते. वर्कबेंच प्रत्येक रकान्याच्या नावाआधी एक छोटं चिन्ह काढतं: प्रायमरी कीला किल्ली, बाकीच्यांना डायमंड. निळा भरीव म्हणजे रकाना रिकामा चालणार नाही, निळा पोकळ म्हणजे चालेल, लाल म्हणजे फॉरीन की. हे चिन्ह चौकटीच्या आत, ओळीच्या सुरुवातीला असतं. रेषेशी त्याचा संबंधच नाही.

आता तीन कप्पे. वर्कबेंचच्या टेबललाही तीन कप्पे असतात: वर टेबलचं नाव, मधे रकाने आणि तळाला `Indexes` असं लिहिलेली पट्टी. लांबून पाहिलं तर ती क्लासची चौकटच वाटते. उलट, युएमएलमध्ये क्लासचे कप्पे लपवायची मुभा आहे, त्यामुळे नुसतं नाव लिहिलेली एकच चौकट हाही क्लास असू शकतो. म्हणून कप्पे मोजून भागत नाही, ओळी वाचाव्या लागतात. कंसानं मात्र फसू नका, कारण तो दोन्हीकडे असतो:

```
lot_no VARCHAR(10)
- lotNo : String
+ closeLot() : void
```

पहिली ओळ टेबलची. तिथं कंस टाइपला लागलाय आणि आत लांबी आहे. तिसरी ओळ क्लासची: कंस नावाला लागलाय, म्हणजे ते फंक्शन आहे. दुसरी आणि तिसरी, दोन्ही ओळींच्या सुरुवातीला वजा किंवा अधिक आहे, ती क्लासची सगळ्यांत स्वस्त खूण. अधोरेखित शब्दाचंही असंच. चेनच्या आकृतीत लंबगोलातलं नाव अधोरेखित असेल तर ती की, क्लासमध्ये असेल तर तो स्टॅटिक सदस्य.

तुटक रेषेवर मी जास्त वेळ देतो, कारण इथं हुशार मुलंही चुकतात. क्लास डायग्राममध्ये तुटक रेषा असते हे खरं. टोकाला उघडा बाण असेल तर डिपेंडन्सी, पोकळ त्रिकोण असेल तर इंटरफेसची अंमलबजावणी. पण वर्कबेंचमध्ये तुटक रेषेचा अर्थ वेगळाच आहे: चाइल्ड टेबलात आलेली फॉरीन की त्या टेबलाच्या प्रायमरी कीचा भाग नाही. त्या मुलीच्या चित्रात `farmer` आणि `lot` यांच्यात रेषा तुटक होती, कारण लॉटला स्वतःचा `lot_id` आहे आणि `farmer_id` तिथं साधा रकाना आहे. `lot` आणि `bid` यांच्यात मात्र रेषा सलग होती, कारण बोली ओळखायला `lot_id` आणि `bid_no` दोन्ही लागतात. एकाच चित्रात दोन तऱ्हेच्या रेषा आणि दोन्ही ईआरच्याच.

मग रेषेच्या टोकाला काय होतं? कावळ्याचा पाय, म्हणजे क्रोज फूट: चौकटीकडे फाकलेल्या तीन बोटांची खूण. मोबाइलवर पाठवताना फोटो दाबला गेला की ही बोटं मिसळतात आणि बाणासारखी दिसतात. तेव्हा एवढंच बघायचं की चौकटीला रुंद बाजू टेकलीय की टोक. रुंद बाजू टेकली असेल तर कावळ्याचा पाय, त्या बाजूला 'अनेक'. टोक टेकलं असेल तर बाण किंवा इनहेरिटन्सचा त्रिकोण. चित्र कितीही धूसर असलं तरी हा फरक सहसा उरतो.

आकड्यांवरूनही ठरत नाही, कारण क्लास डायग्राममधल्या साध्या असोसिएशनला बाण नसतो आणि आकडे असतात. `0..*` किंवा `1..*` असे दोन टिंबांचे आकडे दिसले तर युएमएलची शक्यता जास्त. नुसतं `N` किंवा `M` दिसलं तर चेन. फक्त `1` दिसत असेल तर रेषेचं दुसरं टोक बघितल्याशिवाय काही बोलू नये.

मी तिला तोच सौदा तीन प्रकारे काढायला लावला. फ्लोचार्टमध्ये 'बोली वाढली का?' या डायमंडमधून 'हो'चा बाण फिरून पुन्हा बोली घेण्याच्या चौकटीकडे गेला. असा मागं वळणारा बाण म्हणजे क्रम आहे, आणि क्रम ना टेबलांच्या आकृतीत असतो ना क्लासच्या. क्लास डायग्राममध्ये `Lot` च्या बाजूला भरीव डायमंड आला, रेषा `Bid` कडे गेली आणि `farmer_id` गायब झाला, कारण तिथं शेतकऱ्याशी असलेलं नातं रेषाच सांगते. चौकटीत `_id` नं संपणारे परके रकाने दिसले की टेबलांचा संशय घ्यावा. हा संशयच, पुरावा नव्हे; कोडवरून आपोआप काढलेल्या क्लास डायग्राममध्येही ते येतात.

एक जागा अशी आहे जिथं माझ्याही खुणा अपुऱ्या पडतात. बाण आहेत, डायमंड आहे, पण सुरुवातीला काळा भरीव ठिपका आणि शेवटी वर्तुळातला ठिपका असेल, तर ती युएमएलची ॲक्टिव्हिटी डायग्राम. परीक्षेच्या पर्यायांत ती नसेल तर फ्लोचार्टच जवळचं उत्तर.

मुलीनं रिपोर्टातली ओळ खोडून 'ईआर डायग्राम, क्रोज फूट पद्धत' असं लिहिलं आणि तळाशी वर्कबेंचच्या रंगांचा अर्थ दोन ओळींत दिला.