शिंगांचा रंग, दाजींची बाही

पोळ्याला सासुरवाडीला गेलेल्या जावयाला खान्देशात मान असतो. तो मान म्हणजे शिंग धरायला मिळणं. मेव्हण्याच्या हातात लाल ऑइलपेंटचा डबा, माझ्या हातात ढवळ्याचं शिंग, आणि अंगात बायकोनं निवडलेला पांढरा सुती शर्ट. ढवळ्यानं मान झटकली. शिंग जेमतेम अर्धं रंगलं, बाही मात्र पूर्ण.

"चालायचंच दाजी, पोळा आहे!" मेव्हणा म्हणाला. शर्ट त्याचा नव्हता.

त्याआधी ओट्याच्या ओल्या प्लास्टिक पेंटला माझी पँट घासली होती. सासूबाईंनी ती उलटी करून डागाच्या मागून गार पाण्याची धार सोडली, थोडा साबण लावला, आणि डाग निघून गेला. त्या रंगाचे कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटून पापुद्रा धरतात, आणि मग पाण्याचं काही चालत नाही. म्हणजे सगळा खेळ ओलेपणाचा. हे यश पाहून बाहीलाही पाणी लावलं. लाल डाग जरासुद्धा हलला नाही. तेवढ्यात पुरणपोळीचं बोलावणं आलं आणि शर्ट पिशवीत गेला.

तो घरी पिशवीच्या तळाशी सापडला तेव्हा बाही कडक झाली होती. नुसतं टरपेंटाइन उडून ऑइलपेंट वाळत नाही. त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याची आतल्या आत घट्ट जाळी विणली जाते. ओल्या डागाला टरपेंटाइन विरघळवतं, ही जाळी त्याला दाद देत नाही. आमच्या गल्लीतल्या पेंटरकाकांनी डाग नखानं खरवडून निकाल दिला, "हा आता धुवायचा नाही, सोलायचा."

मग गच्चीवर, गॅसपासून लांब, सोलणं सुरू झालं. आधी बोथट चमच्यानं वरचा थर काढला. बाही उलटी करून डागाखाली जुनं पांढरं फडकं ठेवलं आणि मागून थिनरचा बोळा टिपला. घासायचं नाही, घासलं की रंग पसरतो. थिनरनं रंग विरघळत नाही, फुगतो. फुगला की पुन्हा चमचा, पुन्हा बोळा. फडक्याची जागा बदलत राहायचं, नाहीतर निघालेला रंग परत शर्टातच शिरतो. आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून पाहिला होता. सुती कापड थिनरला टिकतं, पण ॲसिटेटचं अस्तर विरघळतं, आणि कफाचं एक प्लास्टिकचं बटणही मऊ पडलं. ते बटण कोणत्या पोळ्यात होतं कोण जाणे!

थर निघाला. धाग्यात शिरलेली गुलाबी झाक मात्र राहिली, आणि ती जाणारही नाही. भांड्यांचा साबण चोळून बाही धुतली. थिनरचा वास पूर्ण जाईपर्यंत शर्ट उघड्यावर वाळवायचा, तोवर मशीनही नाही आणि इस्त्रीही नाही, कारण त्या वाफा पेट घेतात.

बायकोनं झाक उजेडात धरून पाहिली. "पुढच्या पोळ्याला हाच घाला," ती म्हणाली, "आणि शिंग धरायचं असेल तर आधी बाह्या वर करा."