पाय दिसले म्हणून ओढायचं नसतं

«गाय-म्हैस अडली की डॉक्टरची वाट बघत बसू नका. पाय दिसले की दावं बांधा, चार-सहा जण लावा, नाहीच जमलं तर ट्रॅक्टर आहे. ओढलं की वासरू येतंच. कळा कमी पडल्या तर इंजेक्शन मारा. पाय दिसतच नसतील तर रात्रभर थांबा, निसर्ग आपलं काम करतो. सिझर हा डॉक्टरांचा धंदा आहे, पोट फाडलेली गाय परत गाभण राहत नाही.»

निपाणी, चिकोडी, हुक्केरी पट्ट्यात हा मजकूर सगळीकडे फिरतोय. लिहिणाऱ्यानं काही व्यालेल्या गायी पाहिल्या असतील, पण अडलेल्या गायीच्या आत कधी हात घातलेला दिसत नाही. म्हणून एकेक मुद्दा बघू. पायांपासून सुरुवात करतो, कारण सगळी गडबड तिथंच होते.

दोन पाय दिसले याचा अर्थ वासरू यायला तयार आहे असा होत नाही. ते पुढचे की मागचे, हे आधी ठरवावं लागतं. खुरांचे तळ जमिनीकडे असतील तर बहुतेक पुढचे, आभाळाकडे असतील तर बहुतेक मागचे. पण तेवढ्यावर विसंबू नका, कारण पाठीवर उलटं पडलेल्या वासराच्या पुढच्या पायांचेही तळ वर दिसतात. पक्की खूण सांध्यात आहे. स्वच्छ धुतलेला, हातमोजा घातलेला हात आत घालून खुरापासून वर चाचपत जा. खुरावरचा पहिला सांधा आणि त्यानंतरचा मोठा सांधा एकाच बाजूला वाकत असतील तर तो पुढचा पाय. दोघे उलट दिशांना वाकत असतील आणि मोठ्या सांध्यामागे टाचेसारखं टोक लागत असेल तर मागचा. मोजा विसरू नका. गाभ टाकायला लावणारा ब्रुसेलोसिस माणसालाही होतो आणि तो अशाच हातांनी घरात येतो.

पुढचे पाय असतील तर त्यांच्यावर नाक टेकलेलं सापडायला हवं. ते सापडत नसेल तर ओढणं तिथंच थांबवा. चिकोडीजवळच्या एका गावातली गोष्ट सांगतो, तीत या मजकुरातले बहुतेक सल्ले एकाच रात्री वापरून झाले होते. संकरित होल्स्टिन कालवड, पहिलं वेत, अंगानं लहान. पाणमोट मध्यरात्री फुटली आणि थोड्या वेळात दोन पाय बाहेर आले, तळ खाली. घरच्यांनी कासरा बांधला, शेजारपाजारचे मिळून सहा जण लागले. पाय जरा पुढं आले आणि अडकले. मग कुणीतरी कळांचं इंजेक्शन दिलं. मी पहाटे पोहोचलो तेव्हा कालवड आडवी पडलेली होती, निरण सुजून लाल झाली होती आणि कासरा सांध्याखाली एकेरी बांधल्यानं खुरावरची कातडी सोलली होती.

आत हात घातला तर दोन्ही पाय वाटेत होते, पण डोकं नव्हतं. मान डाव्या बाजूला वळून तोंड बरगड्यांना टेकलं होतं. अशा वेळी पाय ओढले की खांदे कमरेच्या हाडाच्या कड्यात शिरतात आणि मानेला वळायला जागाच उरत नाही. म्हणजे त्या सहा जणांच्या प्रत्येक ओढीनं मान जास्त दुमडत गेली होती. इलाज नेमका उलटा असतो. कळ नसताना वासराला छातीवर हात ठेवून मागं, पोटात ढकलायचं, भरपूर लिक्विड पॅराफिन घालायचं, मग खालच्या जबड्याला किंवा डोळ्यांच्या खोबणीला बोटं लावून तोंड वाटेकडे आणायचं. खुरं आणि दात गर्भाशयाला लागू नयेत म्हणून त्यांच्यावर आपला तळहात ठेवायचा. त्या कालवडीला ढकलण्याआधी पाठीच्या कण्यात भूल दिली, नाहीतर ती प्रत्येक वेळी माझ्या हातावर कळ देत राहिली असती.

डोकं आलं. त्याच्या तोंडात बोट घातलं तर वासरू चोखत होतं, म्हणजे जिवंत होतं. आता प्रश्न उरला, ओढायचं का? त्यासाठी एक साधी चाचणी आहे आणि या मजकुरात तिचा पत्ता नाही. डोकं कड्यात असताना एका माणसाच्या जोरानं एकेक पाय ओढून बघायचा. खुरावरचा सांधा निरणाबाहेर एक वीतभर नाही, तळहाताच्या रुंदीएवढा, म्हणजे सुमारे 10 सेंटीमीटर आला, आणि दोन्ही पायांचं असं झालं, तर खांदे कड्यातून गेले असं समजा. मग ओढून वासरू निघतं. तेवढा येत नसेल आणि ओढताना कपाळ कड्यावर अडून मागं सरत असेल, तर माणसं वाढवून फरक पडत नाही. अडचण हाडाची आहे, जोराची नाही.

मागच्या पायांची चाचणी वेगळी. दोन माणसांच्या जोरानं टाचेचे सांधे निरणाशी आले तर कंबर कड्यातून निघाली, वासरू येईल. पण एकदा ओढायला घेतलं की मध्ये विश्रांती नाही. वासराची कंबर बाहेर येताना नाळ हाडावर दाबली जाते, डोकं अजून आतच असतं, आणि श्वास कोंडून ते काही मिनिटांत मरतं.

चाचणी पास झाली तर ओढा, पण रीतीनं. सुती दोरीचा एक वेढा खुरावरच्या सांध्याच्या वर, अर्धा वेढा सांध्याखाली, म्हणजे जोर वाटला जातो आणि हाड मोडत नाही. जास्तीत जास्त दोन-तीन माणसं. गाय कळ देईल तेव्हा ओढायचं, ती थांबली की आपणही थांबायचं. एकदा हा पाय, एकदा तो, म्हणजे खांदे तिरपे होऊन सुटतात. छाती बाहेर येईपर्यंत सरळ मागं, नंतर कासेच्या दिशेनं खाली. छाती आली आणि कंबर अडली तर वासराला पाव फेरा फिरवा. गायीच्या कड्याची उंची रुंदीपेक्षा जास्त असते, त्यामुळं फिरलेली कंबर निघते. ट्रॅक्टर यातलं काहीच करत नाही, तो कळ ओळखत नाही आणि थांबतही नाही. त्यानं वासराचे पाय मोडतात, बरगड्या मोडतात, गायीची वाट फाटते किंवा मागच्या पायांच्या नसा दबून ती उठतच नाही.

इंजेक्शनबद्दल दोनच वाक्यं पुरे. वाट बंद असताना ऑक्सिटोसिन दिलं की गर्भाशय वासराभोवती आवळून बसतं, आत हात फिरवायला जागा राहत नाही, आणि कधी कधी ते फाटतं. आत हात घालून वाट मोकळी आहे आणि वासरू सरळ आहे हे कळल्याशिवाय त्याला हात लावू नये.

त्या कालवडीचे पाय चाचणीत बोटभरच पुढं आले. कपाळ दर वेळी कड्यावर अडत होतं. वासरू मोठं, कालवड लहान, आणि ते जिवंत. इथं सिझर लगेच करावं लागतं, कारण दोन तासांनी आणखी एकदा ओढून बघू म्हटलं तरी हाड रुंद होणार नसतं. तोवर पाणी आटून गर्भाशय वासराला चिकटतं, वासरू मरतं, सडायला लागतं आणि तेच घाण पाणी शस्त्रक्रियेत पोटात सांडतं. सिझर फसतं ते बहुतेक अशा उशिरामुळं, आणि मग लोक सिझरलाच नावं ठेवतात.

तिला उठवून उभं केलं. डाव्या कुशीचे केस काढले, लिग्नोकेन टोचून जागा बधिर केली. कुशीवर हातभर काप घेतला, गर्भाशय कापापर्यंत ओढून आणलं आणि वासराच्या मागच्या पायावर, वाराची बोंडं टाळून, उघडलं. मागच्या पायांना धरून दोघांनी वासरू वर काढलं. गर्भाशय आत दुमडतील अशा टाक्यांनी शिवलं, मग पोटाचे थर, मग कातडी. वासरू जगलं, तोंडातून चिकटा काढून चोळल्यावर श्वास घ्यायला लागलं. त्याचा एक पुढचा पाय कासऱ्यानं सुजलेला होता, तो पुढं आठवडाभर लंगडत होता.

वासरू आधीच मेलेलं असेल तर सगळ्यांनाच सिझर लागत नाही. वाट मोकळी असेल तर वासराचे आतच तुकडे करून काढता येतात. म्हणून बोट चोखणं, खुरांच्या फटीत चिमटा घेतल्यावर पाय मागं घेणं, हे तपासून मगच ठरवतात. धंदा म्हणणाऱ्यांनी हा भाग विचारात घेतलेला नाही. परत गाभण राहण्याचं म्हणाल तर सिझरनंतर गर्भधारणा उशिरा होऊ शकते, काही जनावरं राहतही नाहीत. पण वेळेवर केलेल्या सिझरनंतर पुन्हा गाभण राहून सरळ व्यालेल्या गायी भरपूर आहेत. वाट फाटलेली, पू धरलेली गाय मात्र गाभण राहणं खरंच अवघड.

पाय दिसत नाहीत म्हणून थांबायचा सल्ला म्हशींच्या बाबतीत सगळ्यात घातक आहे, आणि आपल्याकडं म्हशी थोड्या नाहीत. म्हैस व्यायला झाली, कास भरली, थोड्या कळा दिल्या, मग शांत झाली, चारा सोडला, पाणमोट आलीच नाही. लोक म्हणतात वेळ आहे अजून. बऱ्याचदा गर्भाशयाला पीळ पडलेला असतो. निरणाचा एक ओठ आत ओढल्यासारखा दिसतो आणि आत हात घातला की वाटेच्या भिंतीला मळसूत्रासारख्या वळ्या लागतात. बहुतेक वेळा पीळ उजव्या बाजूचा असतो. डॉक्टर ज्या बाजूला पीळ त्या कुशीवर म्हशीला झोपवतात, पोटावर फळी ठेवून एक माणूस तिच्या खालच्या टोकावर उभा राहतो आणि पाय बांधलेल्या म्हशीला पिळाच्याच दिशेनं लोळवतात. पोटातलं गर्भाशय फळीनं दाबून धरलेलं आणि शरीर त्याच्याभोवती फिरतं, म्हणून पीळ सुटतो. पहिल्या दिवशी हे बहुधा जमतं. दीड-दोन दिवस गेले की गर्भाशय काळं पडतं, आजूबाजूला चिकटतं, मग लोळवून सुटत नाही. पीळ सुटूनही तोंड उघडलं नाही, तर सिझरशिवाय मार्ग नाही.

तेव्हा वेळ घड्याळावर धरा. पाणमोट दिसल्यावर किंवा फुटल्यावर जुन्या गायीत अर्धा तास ते तासभर, कालवडीत तासभर काहीच पुढं सरकलं नाही, तर फोन करा. म्हशीत कळा सुरू होऊन थांबल्या आणि पाणमोट दिसलीच नाही, तरी फोन करा. 1962 ही पशुवैद्यकीय फिरत्या वाहनाची मोफत हेल्पलाइन कर्नाटकातही आहे, महाराष्ट्रातही. सीमेवरच्या गावांनी गाव, तालुका, जिल्हा बेळगाव, कर्नाटक असं पहिल्यांदा सांगावं, मग बाकीचं. आणि डॉक्टरांना सांगायचं ते एवढं: कितवं वेत, पाणमोट कधी फुटली, पाय दिसतात का, तळ खाली की वर, नाक लागतं का, किती जणांनी ओढलं, कोणतं इंजेक्शन दिलं. शेवटचे दोन प्रश्न लपवू नका. खानापूरच्या आतल्या गावांत गाडी पोहोचायला वेळ लागतो, तोवर पाय पुन्हा ओढून बघू नका. गायीला कोरड्या जागी, पाठीशी हात फिरवायला जागा राहील अशी बांधा, निरण धुऊन ठेवा आणि दोन बादल्या कोमट पाणी तयार ठेवा.