‘तसेच’ आणि ‘म्हणून’ कुठे गेले? एका अभिप्रायाला आमचं उत्तर

अभिप्राय: “वडिलांच्या आठवणींचं हस्तलिखित संपादनाला दिलं. पैसे घेऊन यांनी सगळीकडचे ‘तसेच’ आणि ‘म्हणून’ उडवले. प्रमाण मराठीची गप्पा मारल्यासारखी भाषा केली. शेवटी जोडलेल्या जुन्या ठरावालाही हात लावला. कारण विचारलं तर ‘असंच बरं वाटतं’ म्हणे!”

नमस्कार सर,

ठरावाबाबत चूक सरळ आमची आहे. जुना कागद उद्धृत केला की त्यातला काना-मात्राही हलवायचा नसतो. ‘असंच बरं वाटतं’ हेही संपादकाचं उत्तर नव्हे. खरं कारण आधीच सांगायला हवं होतं, ते आता सांगतो. तुमचा मजकूर इथे उघड करणं योग्य नाही, म्हणून तशाच घडणीची वाक्यं रचून देतो.

“वडील पहाटे चारला उठत. तसेच ते आंघोळ करून मळ्यात जात. विहिरीवर मोट होती. म्हणून त्यांना आधी बैल जुंपावे लागत. तसेच आईही चारलाच उठे.”

यातला पहिला ‘तसेच’ भर घालणारा नाहीच. उठणं, आंघोळ, मळा हा एकामागून एक घडणारा क्रम आहे, आणि त्यासाठी आपल्याकडे ‘-ऊन’ आहे. शेवटच्या ‘तसेच’चं काम ‘आईही’मधल्या ‘ही’ने आधीच केलंय. एकाच वाक्यात ‘तसेच’ आणि ‘ही’ दोन्ही दिसले की आम्ही थांबून बघतो, बहुतेक वेळा एक जादा असतो. मोट आणि बैल यांचा संबंध वाचकाला न सांगताही कळतो. म्हणजे झालं असं:

“वडील पहाटे चारला उठून, आंघोळ उरकून मळ्यात जात. विहिरीवर मोट होती, आधी बैल जुंपावे लागत. आईही चारलाच उठे.”

‘म्हणून’शी आमचं वैर नाही. तो बोलण्यातलाच शब्द आहे, फक्त बोलताना तो मागच्या वाक्याला चिकटून येतो: “गुडघे दुखायचे म्हणून आजी माडीवर येत नसे.” इथे ‘म्हणून’च्या आधी आपण श्वास घेत नाही. तेच “आजीचे गुडघे दुखत. म्हणून ती माडीवर येत नसे.” असं लिहिलं की पूर्णविरामाने तो मागच्यापासून तुटतो आणि अर्जातल्या ‘सबब’सारखा ऐकू येतो. अशा ठिकाणी शब्द तोच ठेवून आधीचा पूर्णविराम काढला तरी पुष्कळदा भागतं. मोठ्याने वाचून बघा, कान लगेच सांगतो.

काढायचाच नाही, अशाही जागा आहेत. ‘शिक्षक म्हणून रुजू झाले’, ‘येतो म्हणून सांगून गेला’, ‘मुलं शिकावीत म्हणून गाव सोडलं’ यांतले ‘म्हणून’ वेगवेगळी कामं करतात आणि तिन्ही हवेतच. ‘कागद तसेच पडून होते’ यातला ‘तसेच’ तर जोडणारा शब्दच नाही, तो ‘होते त्या स्थितीत’ असं सांगतो. त्यामुळे संगणकावर शोधून सरसकट बदल करणं धोक्याचं. आम्ही प्रत्येक जागा वाचूनच ठरवतो, पण तुमच्या हस्तलिखितात दोन जागी जास्त काढलं गेलं, हे काल पुन्हा वाचताना दिसलं. ‘नोकरी सुटली. गाव सोडले.’ अशा घडणीची ती वाक्यं झालीत. नोकरी सुटल्यामुळे गाव सोडलं, की नुसतंच एकामागून एक घडलं? वाचकाला कळायला मार्ग नाही. तिथे ‘म्हणून’ परत यायला हवा, आणि तो आम्ही घातलाय.

‘तसेच’ जाऊन सगळीकडे ‘शिवाय’ येणं हीही सुधारणा नव्हे. ‘शिवाय’ला थोडं वजन असतं: आधीचं पुरेसं होतं, त्यावर आणखी हे. नुसत्या यादीला ‘आणि’ पुरतो.

प्रमाण मराठीबद्दल बोलायचं तर ‘केले’चं ‘केलं’ आम्ही कुठेही केलेलं नाही, तुमची रूपं तशीच आहेत. साहित्य महामंडळाचे १९६२चे १४ आणि १९७२चे ४ नियम ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, शब्दांची रूपं यांबद्दल आहेत. वाक्याची सुरुवात ‘तसेच’ने करावी की करू नये, याबद्दल त्यांत काही नाही. तो निर्णय लेखकाचा, म्हणजे तुमचा.

प्रस्तावनेत मात्र तुमचा औपचारिक सूर शोभतो, हे तुमचं म्हणणं पटलं. तिथले तिन्ही ‘तसेच’ परत ठेवलेत. ठराव मूळ कागदाशी ताडून अक्षरशः पूर्ववत केलाय. उरलेल्या प्रत्येक बदलाशेजारी समासात कारण लिहिलेली प्रत शुक्रवारपर्यंत तुम्हाला मिळेल. नको वाटेल त्यावर फुली मारा, आमच्याकडून तो शब्द परत बसेल. या फेरीचे पैसे घेणार नाही.