‘परत शिकावंच लागतं’ म्हणणाऱ्यांनी आधी कुठला देश ते सांगावं

परवा आमच्या गल्लीतले चादरीचे कारखानदार काका क्लिनिकमध्ये आले. दात दुखत नव्हता. मुलगा फिजिओथेरपिस्ट, बीपीटी ही त्यातली पदवी घेऊन तीन वर्षं झाली. बापलेक कुठल्याशा कन्सल्टंटच्या सेमिनारला जाऊन आले होते. तिथं त्यांना सांगितलं की भारतातली डिग्री बाहेर चालतच नाही. आधी कॅनडात दोन वर्षांचा हेल्थ मॅनेजमेंटचा डिप्लोमा करायचा, लायसन्सचं तिथं गेल्यावर बघू. काकांनी मला विचारलं, ‘‘डॉक्टरसाहेब, परत शिकावं लागतंच का ओ?’’

मी सोलापुरात बावीस वर्षं दात बघतोय, परदेशात कधी प्रॅक्टिस केली नाही. पण माझ्याकडे काम करून बाहेर गेलेल्यांची कागदपत्रं आणि तयारी जवळून बघितली आहे, म्हणून लिहितो. त्या डिप्लोमाचा आणि लायसन्सचा काही संबंध नाही. कॅनडात फिजिओची पात्रता तपासणारी संस्था बघते ती बीपीटी. मॅनेजमेंटचा डिप्लोमा तिच्या हिशेबात नसतो. डेंटिस्टचंही तेच. दोन वर्षं आणि बापाचे पैसे गेल्यावरही मुलगा लायसन्सच्या पहिल्याच पायरीवर उभा असतो, फक्त सोलापूरऐवजी टोरांटोत. व्हिसासाठी कॉलेज आणि व्यवसायाच्या परवान्यासाठी कॉलेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेमिनारवाले त्या मुद्दाम एकत्र कालवतात, असं माझं मत आहे.

माझ्या मते खरा प्रश्न एकच: तो देश तुमची मार्कशीट मोजतो की तुमचा हात बघतो?

डेंटिस्टसाठी ऑस्ट्रेलिया हात बघणारा देश आहे. ऑस्ट्रेलियन डेंटल कौन्सिलच्या तीन पायऱ्या आहेत: कागदपत्रांची तपासणी, लेखी परीक्षा आणि मेलबर्नला प्रॅक्टिकल. तिन्ही पार केल्या आणि इंग्रजीची अट पूर्ण झाली की नोंदणीसाठी अर्ज करता येतो. पुन्हा डेंटल कॉलेजात जावं लागत नाही. उलट अमेरिकेत बहुतेक राज्यांत बाहेरच्या बीडीएसला तिथल्या डेंटल स्कूलमध्ये दोन-तीन वर्षं घालवल्याशिवाय लायसन्स नाही. तिथं ‘परत शिकावं लागतं’ हे खरंच आहे, त्याबद्दल वाद नाही.

माझ्याकडे साडेतीन वर्षं असिस्ट करणारी एक मुलगी ऑस्ट्रेलियाच्या मागे लागली. तिची पहिली अडचण नावाची निघाली. मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आणि मधे लग्न होऊन आडनावच बदललेलं. आपल्याकडे हे इतकं सर्रास आहे की कुणाला खटकतही नाही, पण फाइल तपासणाऱ्याला ही दोन वेगळी माणसं दिसतात. मॅरेज सर्टिफिकेट, गॅझेट वगैरे जुळवण्यात तिचे महिने गेले. दुसरं म्हणजे स्टेट डेंटल कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट. आपल्यावर कुठली कारवाई नाही असं ते सांगतं, आणि ते ताजंच लागतं. तिनं ते सगळ्यात आधी काढून ठेवलं, आणि बाकीची फाइल तयार होईपर्यंत ते शिळं झालं. ते शेवटी काढायचं असतं.

लेखी परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली. आपली पोरं पाठांतराला घाबरत नाहीत. प्रॅक्टिकलला मात्र नापास, आणि हे मला आतून लागलं, कारण तिच्या हाताला सवयी माझ्याच क्लिनिकमधल्या होत्या.

तिथं एक दिवस मॅनिकिनवर काम असतं आणि एक दिवस क्लिनिकल स्टेशनं. मॅनिकिन म्हणजे पुतळ्याचं डोकं, त्यात प्लास्टिकचे दात. आपण रोज काय करतो? वरची दाढ दिसत नसेल तर पेशंटला म्हणतो, ‘‘काकू, मान जरा इकडं वळवा, अजून वळवा.’’ आरशात बघून दात कापायची सवय फायनल इयरनंतर सुटलेली असते. पुतळ्याला मान फिरवा म्हणता येत नाही. दाताभोवती ताणायच्या रबराच्या पडद्याचा, म्हणजे रबर डॅमचा डबा आमच्या कपाटात होता, पण त्यावरची धूळ खरं बोलत होती. शिवाय प्लास्टिकच्या दाताला वर कडक इनॅमल आणि आत मऊ डेंटिन असा फरक नसतो. ड्रिलचं कापायचं टोक, म्हणजे बर, लोण्यात घुसल्यासारखा घुसतो आणि हाताच्या अंदाजापेक्षा जास्त कापलं जातं.

नापास झाल्यावर क्लिनिक बंद झालं की रात्री साडेआठला आम्ही टेबलाला पुतळा आवळायचो. क्राउनसाठी दाढ कापायच्या आधी पुटीचा साचा घ्यायचा, तो मधोमध कापायचा, आणि दात कापून झाल्यावर अर्धा साचा परत बसवून प्रोबनं फट मोजायची. चावायच्या बाजूला दीड ते दोन मिलिमीटर हवेत. तिची एका कोपऱ्यात तीन यायची आणि दुसरीकडे जेमतेम एक. मग एक डोळा मिटून सरळ वरून बघायचं. कापलेल्या दाताची सगळी कड दिसली पाहिजे. एखाद्या बाजूची लपली तर तिथं अंडरकट आहे, म्हणजे भिंत खाली आत गेली आहे. आणि भिंती ऐसपैस पसरलेल्या दिसल्या तर दात तंबूसारखा निमुळता झाला, त्यावर क्राउन टिकणार नाही. शेजारच्या दातावर मार्करचा रंग लावून ठेवायचो. बरचा धक्का लागला की रंग उडायचा. पहिल्या आठवड्यात रोज उडत होता. शेजारच्या चांगल्या दाताला ओरखडा काढणं ही परीक्षेत मोठी चूक आहे. खरं तर पेशंटच्या तोंडातही आहे, फक्त तिथं आपले मार्क कुणी कापत नाही.

पाच महिने हे चाललं. दुसऱ्या वेळी पास झाली. याला शिक्षण म्हणायचं तर म्हणा, पण हे कुठल्याही कॉलेजच्या फीमध्ये मिळत नाही.

आता काकांच्या मुलाचं. फिजिओला अमेरिका मार्कशीट मोजते. तिथं फिजिओथेरपीची डिग्री आता डॉक्टरेट पातळीची आहे, तिला डीपीटी म्हणतात, आणि ती साधी पदवी झाल्यावर करतात. आपण बारावीनंतर थेट बीपीटीला जातो. त्यामुळं अमेरिकी तपासणीत विषयवार तास मोजले की फिजिओचे विषय बऱ्यापैकी जमतात, पण भाषा, समाजशास्त्र, मानव्यशास्त्र अशा सर्वसाधारण शिक्षणात तुटवडा निघतो. तो जादा कोर्स करून भरावा लागतो, काही जण तिथला ब्रिज प्रकारचा डीपीटी करतात. लायसन्सची राष्ट्रीय परीक्षा त्यानंतर. म्हणजे इथं जादा अभ्यास जवळपास ठरलेला.

त्याच मार्कशीटवर ब्रिटन मात्र वेगळं बोलतं. तिथं नोंदणी करणारी संस्था, एचसीपीसी, फिजिओची सहसा परीक्षा घेत नाही. कॉलेजकडून भरून घेतलेली अभ्यासक्रमाची माहिती, तुमचा अनुभव आणि इंग्रजी यावर फाइल चालते. पटलं तर थेट नोंदणी. अर्थात नोंदणी म्हणजे नोकरी नव्हे, आणि व्हिसा नोकरीवर मिळतो.

दोन्हीकडे सगळं अडतं ते सिलॅबसवर. तुम्ही शिकलात त्या बॅचचा सिलॅबस लागतो, तासांसकट, शिक्क्यासकट. बरेच जण वेबसाइटवरचा आजचा सिलॅबस जोडतात. मग त्यातले तास आणि मार्कशीटवरचे विषय जुळत नाहीत आणि फाइल परत येते. इंटर्नशिपचं लॉगबुकही जपून ठेवलेलं बरं. कुठल्या वॉर्डात किती तास, हे चार वर्षांनी कॉलेजात कुणी सांगत नाही.

काकांना मी एवढंच म्हटलं, डिप्लोमाचा ॲडव्हान्स तेवढा भरू नका. ते म्हणाले, ‘‘पंचवीस हजार भरलेत की.’’ मुलगा आता कॉलेजच्या ऑफिसात त्याच्या बॅचचा सिलॅबस शोधतोय. क्लार्क म्हणतो, गठ्ठा वरच्या माळ्यावर आहे, सोमवारी या.