खुलासा: थायोसायनेट आधी की शेवटी?

पितळेतलं तांबं मोजताना तांबं आयोडाइडमधून आयोडीन सोडतं आणि ते आयोडीन थायोसल्फेटने टायट्रेट करतात. त्यावरचा एक दावा: ‘थायोसायनेट शेवटीच कशाला? आयोडाइडबरोबरच टाका, उत्तर तेच येतं.’

तेच येत नाही, कमी येतं. सुटलेलं आयोडीन भरपूर असताना थायोसायनेट टाकलं, तर आयोडीन त्याचंच हळूहळू ऑक्सिडीकरण करण्यात खर्ची पडतं. ०.३ ग्रॅम पितळेला ०.१ मोलर थायोसल्फेट २८.३ ऐवजी २८.० मिली लागलं, की तांबं ६० ऐवजी ५९.३ टक्के दिसतं.

म्हणून आधी फिकट पिवळ्यापर्यंत टायट्रेशन, मग स्टार्च, आणि निळा रंग विरू लागला की सुमारे २ ग्रॅम पोटॅशियम थायोसायनेट. क्युप्रस आयोडाइडच्या साक्यावर चिकटलेलं आयोडीन सुटतं, निळा रंग पुन्हा गडद होतो (घाबरू नका, हेच हवंय). थायोसल्फेटचे उरलेले थेंब लगेच घाला.