तिला मित्र आहेत की नाहीत, ते आधी सांगा

सराव परीक्षेत माझा एक गुण गेला, वर पाव कापला गेला. एमपीएससीत चुकीच्या उत्तराला 25 टक्के गुण कापतात, म्हणून आमच्या क्लासातही आत्तापासूनच सवय लावतात. प्रश्न असा: "शी हॅज ____ फ्रेंड्स इन धिस सिटी." पर्याय फ्यू, अ फ्यू, लिटल आणि मच. फ्रेंड्स मोजता येतात, त्यामुळे लिटल आणि मच तिथल्या तिथे बाद. उरले दोन. फ्यू म्हणजे जवळपास नाहीतच, अ फ्यू म्हणजे थोडे का होईना, आहेत. व्याकरणाला दोन्ही चालतात. मी अ फ्यू निवडलं. उत्तरतालिका म्हणते, फ्यू.

सर तासावर होते, म्हणून हरकत घेऊन ऑफिसात गेलो. तिथे फी घेणारे काका बसतात. त्यांनी पेपर हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि चौकशी सुरू केली.

"बाई नोकरीला आहे की शिकायला?"

"प्रश्नात दिलं नाही, काका."

"लग्न झालंय?"

"तेही नाही दिलं."

"मग 'इन धिस सिटी' कशाला म्हटलंय? म्हणजे मूळची इथली नाही. बदली होऊन आली असणार. नव्या गावात कोण विचारतंय? आमची धाकटी नाशिकला गेली, वर्षभर घरमालकिणीशिवाय कुणी बोललं नाही तिच्याशी. फ्यूच बरोबर."

मागे हॉल तिकिटासाठी ताटकळणारी मुलगी मध्येच म्हणाली, "काका, हल्ली पीजीत आठवड्यात ग्रुप जमतो."

"ते मित्र नव्हेत. ते लाइटबिल वाटून घेणारे."

"पण मोजता तर येतात ना?" मी म्हणालो.

"मोजता येतात रे, पण रात्री ताप आला तर येतात का?"

याला काय उत्तर देणार? ही कसोटी कुठल्याच गाईडमध्ये नाही.

खरं तर काकांची चूक नाही. त्यांना जे हवं होतं तेच प्रश्नात नव्हतं. असा प्रश्न नीट काढायचा तर वाक्यात खूण ठेवावी लागते. "शी हॅज ____ फ्रेंड्स, सो शी फील्स लोनली" असं असतं तर फ्यू, वादच नाही. "सो शी इज नॉट लोनली" असतं तर अ फ्यू. खूण कधी रिकाम्या जागेला चिकटूनच असते. आधी व्हेरी किंवा टू आलं की फ्यू. क्वाइट आलं की अ फ्यू, आणि तेव्हा तर अर्थ चक्क बरेच असा होतो. ओन्लीच्या मागेही अ फ्यूच येतं, अर्थ कमी असला तरी. लिटल आणि अ लिटलचं गणित हेच, फक्त पाणी, वेळ, आशा अशा न मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी. एवढे चार शब्द जास्त छापायला किती शाई लागते? पण प्रश्न काढणाऱ्याने वाक्य कुठल्याशा पुस्तकातून उचललं आणि शेपूट तिथेच ठेवलं. मग आम्ही बसतो त्या बाईचा स्वभाव ताडत.

होपचा प्रश्न तर त्याहून वाईट. "देअर इज ____ होप ऑफ हिज रिकव्हरी." पर्यायात लिटलही असतो, अ लिटलही. आजार काय, डॉक्टर कोण, काही सांगत नाहीत, आणि उत्तर ठरलेलं: लिटल. गाईडमधला पेशंट बरा झालेला मी अजून पाहिला नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, "पेशंट दिसला की आशा सोडायची, पुढच्या प्रश्नाकडे जायचं." निदान हा नियम तरी सरळ आहे.

मच-मेनीत एवढी दगाबाजी नसते, तिथे फक्त नाम पकडायचं. नोटा आपण थुंकी लावून मोजतो, पण मनी मोजता येत नाही, म्हणून मच. ॲडव्हाइस, न्यूज, फर्निचर, लगेज यांनाही मच. इथे चुकलो तर मी ब्र काढणार नाही, कारण उत्तर एकच असतं.

माझा राग दोन बरोबर उत्तरांवर आहे. घोकून आलेल्याला गुण मिळतो आणि वाक्य वाचून विचार करणारा सव्वा गुणाने मागे जातो. यादीत सव्वा गुण म्हणजे किती नावं, ते ज्याने यादी लावली त्यालाच विचारा.

शेवटी काकांनी हरकतीचा अर्ज दिला. कारण लिहायला एकच ओळ. मी पान उलटून मागे सविस्तर लिहिलं, दोन्ही वाक्यं खुणांसकट. काकांनी अर्ज घेतला, शिक्का मारला आणि म्हणाले, "मागचं पान सर वाचत नाहीत हं."