नाहूरला गाडी थांबणार का?

"इंजिनिअरचे पीएम व्हायचंय? तीन गोष्टी करा. १) लिंक्डइनच्या हेडलाइनमध्ये आजच 'अ‍ॅस्पायरिंग प्रॉडक्ट मॅनेजर' टाका, सर्चमध्ये वर याल. २) हजार युजर होईपर्यंत साइड प्रोजेक्ट दाखवू नका. ३) समरीतून कोडिंग पुसा, नाहीतर डेव्हलपरच समजतील."

हा मेसेज मला या महिन्यात चार ग्रुपवर आला. पीएमच्या जागांसाठी आलेले प्रोफाइल मी चाळते, म्हणून लिहितेय.

आधी दुसरा मुद्दा घेते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो.

आमच्याकडे भांडुपचा एक बॅकएंड इंजिनिअर आहे. रविवारच्या मेगाब्लॉकसाठी त्याने अ‍ॅप बनवलं होतं. नकाशा, लॉगिन, नोटिफिकेशन, सगळा थाट. तीन महिने खपला आणि अ‍ॅप घेतलं अकरा जणांनी, बहुतेक बिल्डिंगमधले आणि मावशीच्या हॉस्पिटलमधले. तरीही रविवारी सकाळी सहा-सात फोन यायचेच: "अरे, आज नाहूरला गाडी थांबणार का?"

इथे तो थबकला, आणि मला रस वाटला तो इथेच. रेल्वेच्या पत्रकात लिहिलेलं असतं की माटुंगा ते मुलुंड धीम्या मार्गावर ब्लॉक आहे, गाड्या जलद मार्गावरून जातील. त्याचा अर्थ प्रवाशाने स्वतः लावायचा: जलद मार्गाला विद्याविहार, कांजूरमार्ग आणि नाहूरला फलाटच नाहीत, तेव्हा नाहूरला उतरणाऱ्याने भांडुप किंवा मुलुंड गाठायचं. लोकांना नकाशा नको होता, आपल्या स्टेशनचं हो की नाही एवढंच हवं होतं.

त्याने अ‍ॅप बंद केलं. शनिवारी संध्याकाळी स्टेशननिहाय एका ओळीचा मेसेज सुरू केला. हार्बर सोडली, कारण त्या अकरा जणांतलं कुणी तिने जात नव्हतं. गाड्यांच्या वेळाही मुद्दाम दिल्या नाहीत. चुकीची वेळ दिली तर माणूस फलाटावर तासभर ताटकळतो, त्यापेक्षा वेळ न दिलेली बरी. मग एका रविवारी ब्लॉक ऐनवेळी रद्द झाला आणि मावशी उगाच रिक्षा करून भांडुपला गेली. तेव्हापासून सकाळी पुन्हा तपासून बदल असेल तरच दुसरा मेसेज जातो. आता फोन येतात एक-दोन.

युजर अकराच. पण प्रश्न कसा सापडला, काय सोडलं, चूक कुणाला भोवली, हे सगळं त्यात आहे. हजार डाउनलोडचा आकडा मला यातलं काहीच सांगत नाही. (मित्रमंडळींना लिंक पाठवून आकडा कसा फुगवतात, तेही आम्हाला ठाऊक असतं.)

आता हेडलाइन. 'प्रॉडक्ट मॅनेजर' हे शब्द सर्चमध्ये पकडले जातात, एवढं खरं. पण शोधणारा सध्याचं पद आणि अनुभवाची वर्षंही गाळणीत घालतो, आणि तिथे 'अ‍ॅस्पायरिंग'वाला गळतो. हेडलाइनला २२० अक्षरं मिळतात. ती इच्छेवर घालवण्यापेक्षा निर्णयावर घालवा. या मुलाची आधीची हेडलाइन होती: 'जावा, स्प्रिंग बूट, अ‍ॅस्पायरिंग पीएम'. आता आहे, मराठीत सांगायचं तर: 'बॅकएंड इंजिनिअर, पेमेंट्स. रिफंड कुठे अडकलाय हे ग्राहकाला दाखवायचं सुचवलं आणि बांधलं. चौकशीचे फोन घटले.' 'सुचवलं' हा शब्द त्याने विचार करून ठेवलाय, कारण अंतिम होकार त्याच्या मॅनेजरचा होता. तिथे 'ठरवलं' लिहिलं असतं तर मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडला असता. कंपनीचे आतले आकडेही त्याने दिलेले नाहीत. ते बरोबरच आहे.

कोडिंग पुसायचा सल्ला तर मला कळलेलाच नाही. सहा वर्षं पेमेंट्समध्ये काम केल्यामुळेच त्याला माहीत होतं की बँकेकडून रिफंडची स्थिती आधीच येत होती, फक्त आपण ती दाखवत नव्हतो. हे बाहेरून आलेल्या पीएमला कळायला महिने गेले असते. पुसायची ती साधनांची लांबलचक यादी. समरीच्या पहिल्या दोन-तीन ओळीच आधी दिसतात, बाकीचं उघडावं लागतं. त्याच्या समरीची सुरुवात अशी:

'रविवारच्या ब्लॉकसाठी तीन महिने अ‍ॅप बनवलं आणि ते बंद केलं. लोकांना एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं. आता शनिवारी एक ओळ पाठवतो.'

रिफंडचा किस्सा त्याखाली, आणि जावाचं नाव अगदी शेवटी, एकदाच.

मी त्याला विचारलं, हार्बर सोडल्याबद्दल कुणी तक्रार केली का? म्हणाला, "केली ना. शेजारच्या काकांची मुलगी वाशीला नोकरीला लागली. त्यांना सांगितलं, अजून तिघं आणा, मग बघतो. दोघं आणलीत."